तपासणीच्या टिपणांतून केटररसाठी मुदतीसह सुधारणा-यादी: निरीक्षणांपासून पूर्ततेच्या पडताळणीपर्यंत

प्रश्न: आमच्या कॅन्टीनची स्वच्छता तपासणी मी नुकतीच केली. चार पानांची टिपणे झाली आहेत, त्यात २३ निरीक्षणे आहेत. यावरून केटररला मुदतीसह सुधारणा-यादी द्यायची आहे. मागच्या वेळी निरीक्षणे तशीच यादीत उतरवून प्रत्येकापुढे 'सात दिवस' लिहिले होते. 'सर्व पूर्तता केली' असे पत्र आले, आणि या वेळी जवळपास त्याच गोष्टी पुन्हा दिसल्या. यादी कशी करावी?

उत्तर:

तुमची मागची यादी फसली ती निरीक्षण आणि कृती यांत फरक न केल्यामुळे, असे माझे मत आहे. 'फ्रीजमधले तापमान जास्त आढळले' हे निरीक्षण आहे. त्याच्यापुढे 'सात दिवस' लिहिले तर केटररने नेमके काय करायचे हे कोणीच सांगितलेले नसते, आणि मग तो स्वतःला सोयीचे ते करतो, म्हणजे बहुधा फ्रीजचे बटण फिरवतो आणि 'पूर्तता केली' असे लिहून मोकळा होतो. तो खोटे बोलत असतोच असे नाही. त्याला जेवढे विचारले तेवढे त्याने केलेले असते.

म्हणून यादी लिहायला बसण्यापूर्वी टिपणे एकदा नीट गाळून घ्यावीत. ज्या ओळीत आपण पाहिलेली वस्तुस्थिती नसून आपला निष्कर्ष उतरला आहे, ती ओळ बदलावी. 'कामगार हात धूत नाहीत' हा निष्कर्ष झाला, आणि केटरर तो एका वाक्यात नाकारू शकतो. 'सकाळी १०.२० ते १०.४० या वेळात कचरा टाकून परत आलेल्या चारपैकी तिघांनी हात न धुता कापणीला सुरुवात केली. हात धुण्याच्या बेसिनमध्ये घासायची पातेली रचलेली होती आणि साबण नव्हता' ही वस्तुस्थिती झाली. ती नाकारता येत नाही, आणि शिवाय कारणाची दिशाही त्यातच दिसते. बेसिनमध्ये पातेली असतील तर माणसे हात कुठे धुणार? इथे 'कामगारांना प्रशिक्षण द्यावे' अशी कृती लिहिली तर प्रशिक्षण होईल, हजेरीपटावर सह्या होतील, आणि पातेली बेसिनमध्येच राहतील. खरी कृती म्हणजे घासायच्या पातेल्यांना दुसरी जागा देणे आणि बेसिन फक्त हात धुण्यासाठी मोकळे ठेवणे.

दुसरी गाळणी कारणांची. २३ निरीक्षणे म्हणजे २३ दोष नसतात. एकाच कारणाने उपजलेली निरीक्षणे एकत्र बांधली की साधारण आठ-दहा कृती उरतात आणि यादी माणसाच्या आवाक्यात येते. हे न केल्यास आणखी एक गोष्ट घडते. केटरर टोप्या, कचरापेट्यांची झाकणे, भिंतीवरचे सूचनाफलक अशा सोप्या बाबी आधी उरकतो आणि २३ पैकी १९ पूर्ण, म्हणजे ८३ टक्के पूर्तता, असे कळवतो. उरलेल्या चार बाबींतच माणसे आजारी पाडणारे सगळे काही असते. त्यामुळे पूर्ततेची टक्केवारी मी कधीच स्वीकारत नाही.

एक प्रकरण तपशिलात मांडतो, म्हणजे पद्धत स्पष्ट होईल. एका कॅन्टीनमध्ये मी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचलो. फ्रीजच्या दर्शनी पट्टीवर ४ अंश दिसत होते. (सर्व अंश सेल्सिअसमध्ये.) आत खालच्या कप्प्यात झाकण लावलेले, अंदाजे वीस लिटरचे खोल पातेले होते, त्यात आदल्या संध्याकाळी शिजवलेला घट्ट रस्सा होता. रात्री नऊच्या सुमारास, गरम असतानाच, ते आत ठेवल्याचे आचाऱ्याने सांगितले. प्रोब थर्मामीटरची सुई मधोमध खोलवर घातली तेव्हा १९ अंश आले. वरच्या कप्प्यातल्या दोन बंद पिशव्यांच्या मध्ये सुई धरली तर १० अंश. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबर फाटलेले होते. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली की ती विनासायास बाहेर येत होती. आणि दाराला लटकवलेल्या नोंदवहीत महिनाभर सकाळ-दुपार '४' हाच आकडा होता, इतकेच नव्हे तर त्या दिवशीच्या दुपारी चारची नोंदही सकाळी दहालाच भरलेली होती.

टिपणात ही चार वेगळी निरीक्षणे झाली: रस्सा १९ अंश, पिशव्या १० अंश, रबर फाटलेले, नोंदी विश्वासार्ह नाहीत. ती चार ओळींत चार मुदतींसह उतरवली असती तर रबर बदलले गेले असते, नोंदवही नवी आली असती, आणि रात्री नऊला गरम पातेले पुन्हा आत गेले असते. कारण मुळाशी दोन गोष्टी होत्या. पहिली, त्या स्वयंपाकघरात अन्न थंड करण्याची कोणतीही पद्धतच नव्हती. फ्रीज हे थंड अन्न थंड ठेवण्याचे साधन आहे. वीस लिटर गरम रस्सा झटपट थंड करण्याची ताकद त्यात नसते, उलट त्या उष्णतेने शेजारचे पदार्थही तापतात. दुसरी, अन्नाचे तापमान कोणीच मोजत नव्हते. पट्टीवर दिसतो तो यंत्राच्या संवेदकाजवळच्या हवेचा आकडा असतो, आणि तोच वहीत उतरत होता.

केटररचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: रस्सा पुन्हा उकळून वाढला तर काय बिघडले? याचे उत्तर यादीत एका वाक्यात लिहून ठेवावे, कारण हा वाद प्रत्येक वेळी होतो. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत. अन्न सावकाश थंड होत असताना ते रुजतात आणि वाढतात, आणि काही जिवाणूंनी एकदा अन्नात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे तेरा तासांनंतरही १९ अंशांवर असलेला रस्सा फेकण्याखेरीज पर्याय नव्हता.

या चार निरीक्षणांतून निघालेल्या कृती अशा होत्या. पहिली, त्याच दिवशी दुपारचे जेवण वाढण्यापूर्वी: रस्सा, आणि किती वेळ ५ अंशांच्या वर होते हे सांगता येत नाही असे सर्व लवकर बिघडणारे पदार्थ माझ्यासमोर टाकून देणे, त्यांची नावे व अंदाजे वजन लिहून सुपरवायझरची सही घेणे. दुसरी, त्याच दिवसापासून: शिजवलेला कोणताही पदार्थ दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही, वाढप संपल्यावर उरेल ते टाकायचे. ही तात्पुरती बंदी होती, आणि ती कधी उठेल हेही यादीतच लिहिले होते. तिसरी, तीन दिवसांत: दोन प्रोब थर्मामीटर आणणे, बर्फाच्या पाण्यात ती ० अंश, फार तर एक अंश इकडे-तिकडे, दाखवतात याची आठवड्यातून एकदा खात्री करणे, आणि फ्रीजमध्ये एक पाण्याची बाटली कायम ठेवून त्या पाण्याचे तापमान वहीत लिहिणे. बाटलीतले पाणी दार उघडल्याबरोबर तापत नाही, त्यामुळे अन्न कोणत्या तापमानाला आहे याचा बऱ्यापैकी प्रामाणिक अंदाज त्यावरून येतो. चौथी, सात दिवसांत: दाराचे रबर बदलणे, कागदाची पट्टी चारही बाजूंना घट्ट धरली गेली पाहिजे आणि त्यानंतरच्या सलग २४ तासांत बाटलीतले पाणी ५ अंशांच्या वर जाता कामा नये. पाचवी, चौदा दिवसांत: थंड करण्याची पद्धत बसवणे, म्हणजे घट्ट पदार्थ पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही अशा उथळ ट्रेमध्ये काढणे, पातळ पदार्थाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळणे, आणि ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत व तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत तापमान उतरते की नाही हे प्रत्येक घाण्यासाठी लिहिणे. तुम्हाला लागू असलेल्या नियमांत आकडे थोडे वेगळे असतील तर ते घ्यावेत. पण आकडा आणि वेळ दोन्ही लिहिल्याशिवाय 'व्यवस्थित थंड करावे' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

बंदी उठवण्याची अट अशी होती: चौथी कृती पडताळून बंद झाली पाहिजे आणि पाचव्या कृतीचे पहिले तीन घाणे दिलेल्या वेळेत थंड झालेले दिसले पाहिजेत.

इथे मुदतींबद्दलचे माझे मत सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. मुदत ठरवताना लोक काम किती अवघड आहे ते पाहतात. मी आधी हे पाहतो की काम होईपर्यंत जेवणाऱ्याला धोका किती आहे. धोका मोठा असेल तर मुदत 'आत्ता' हीच असते, आणि काम आत्ता होण्यासारखे नसेल तर आत्ता लागू होईल असा तात्पुरता बंदोबस्त शोधावा लागतो. रबराचा सुटा भाग यायला सहा दिवस लागणार असतील तर त्यात केटररचा दोष नाही, आणि सात दिवसांची मुदत योग्यच आहे. पण त्या सात दिवसांत काय करायचे हे दुसऱ्या कृतीने सांगितलेले होते, म्हणूनच ती मुदत देता आली. ज्या मोठ्या धोक्याच्या बाबीपुढे मुदत आहे पण तात्पुरता बंदोबस्त नाही, ती बाब म्हणजे तेवढे दिवस धोका मान्य केल्याचा तुमच्या सहीचा कागद असतो.

तात्पुरत्या बंदोबस्ताचा आणखी एक गुण आहे, तो मी केटररला सांगत नाही, पण त्याला तो लगेच कळतो. रोज उरलेले अन्न टाकावे लागले की त्याचे नुकसान रोज होते. मग रबरासाठी मला आठवण करून द्यावी लागत नाही.

व्यवहारात मुदतींचे चार टप्पे पुरतात: पुढच्या जेवणापूर्वी, तीन दिवस, सात दिवस, आणि बांधकाम किंवा नवी खरेदी असेल तर महिन्याच्या आत. मधल्या टप्प्यांत एखादी बाब चौदा दिवसांवर गेली तरी हरकत नाही, जशी वर गेली. मात्र यादीत 'सात दिवस' असे न लिहिता तारीख लिहावी, कारण सात दिवस कधीपासून मोजायचे, तपासणीपासून की यादी हाती पडल्यापासून, यावर नंतर वाद होतो. आणि ती तारीख अशा दिवशी यावी की कॅन्टीन सुरू असेल आणि तुम्ही स्वतः किंवा तुमचा माणूस जाऊन पाहू शकेल. सुट्टीच्या आदल्या दिवशीची मुदत मी टाळतो. त्या दिवशी सगळे 'पूर्ण' असते आणि कोणीच पाहायला नसते.

आता जबाबदारीच्या रकान्याबद्दल. तिथे 'केटरर' एवढेच लिहू नये. पदाचे नाव लिहावे: सकाळच्या पाळीचा सुपरवायझर, मुख्य आचारी, भांडार सांभाळणारा. पण त्याही आधी आपला करार उघडून एक गोष्ट पाहावी. फ्रीज कोणाचा आहे? नळ, गटार, एक्झॉस्ट, फुटलेल्या फरशा कोणाच्या? अनेक ठिकाणी ही मालमत्ता संस्थेची असते आणि केटरर फक्त वापरतो. वर सांगितलेल्या प्रकरणात फ्रीज संस्थेचाच होता, आणि रबर फाटल्याची तक्रार केटररने दोन महिन्यांपूर्वी लेखी दिलेली होती. ती आमच्याच देखभाल विभागात पडून होती. चौथी कृती केटररच्या नावे लिहिली असती तर त्याने ते पत्र माझ्यासमोर ठेवले असते आणि उरलेल्या सर्व यादीचा कस गेला असता. तेव्हापासून मी यादीचे दोन भाग करतो, केटररकडच्या कृती आणि आपल्याकडच्या कृती, आणि दोन्हींना सारख्याच कडक तारखा लावतो. आपल्या भागातली तारीख चुकली तर तिच्यावर अवलंबून असलेली केटररची तारीख आपोआप पुढे जाते, हेही त्यात लिहिलेले असते.

यादी पाठवण्यापूर्वी केटररच्या प्रतिनिधीसह अर्धा तास बसावे. निरीक्षणांवर घासाघीस करू नये, ती झालेली आहेत. पण कृती आणि तारखा यांवर त्याचे म्हणणे जरूर ऐकावे. पातेली बेसिनमध्ये का जातात, तर भांडी घासण्याचे सिंक त्या पातेल्यांपेक्षा लहान आहे, हे मला अशाच एका बैठकीत भांडी घासणाऱ्या माणसाने सांगितले होते. सुपरवायझरला ते माहीत नव्हते आणि मला ते दिसले नव्हते. अशा बैठकीत केटरर सगळ्याला महिनाभराची मुदत मागतो, ते मान्य करू नये. आणि उलट तो घाईने सगळे दोन दिवसांत करतो म्हणाला तर तेही मान्य करू नये, कारण दोन दिवसांत होते ती सहसा रंगरंगोटी असते.

पुरावा कोणता चालेल हे कृतीसोबतच ठरवून लिहावे. मागच्या वेळी तुमच्याकडे पत्र आले, कारण पुरावा काय हवा हे तुम्ही सांगितले नव्हते. नव्या थर्मामीटरचे छायाचित्र एवढेच सिद्ध करते की थर्मामीटर विकत घेतले गेले. ते वापरले जाते का, हे नोंदींवरून कळते, आणि नोंदी खऱ्या आहेत का हे त्यांच्या चेहऱ्यावरून बरेच कळते: खऱ्या नोंदींत आकडे थोडे हलतात, ३, ५, ४, मध्येच एखादा ७ आणि त्यापुढे 'दार उघडे राहिले, अर्ध्या तासाने ५' अशी ओळ असते, शाई बदलते, हस्ताक्षर पाळीनुसार बदलते. महिनाभर एकाच पेनाने लिहिलेला एकच आकडा म्हणजे कोणीतरी एका बैठकीत वही भरली आहे. म्हणूनच पहिल्या आठवड्यात वहीत एखादा वाईट आकडा दिसला आणि पुढे काय केले ते लिहिलेले असले, तर मी त्याबद्दल केटररला बोल लावत नाही. बोल लावला की पुढच्या आठवड्यापासून पुन्हा '४' सुरू होतो.

प्रत्येक बाबीची स्थिती तीनपैकी एक ठेवावी: उघडी, पूर्तता कळवली, पडताळून बंद. दुसरी स्थिती केटरर बदलतो, तिसरी फक्त तुम्ही. तुमच्या मागच्या यादीत या दोन्ही एकच झाल्या होत्या. मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपण्यापूर्वी, कारणासह, लेखी मागावी, आणि वाढीव काळात तात्पुरता बंदोबस्त चालूच राहील असे त्यात असावे. मुदत उलटून गेल्यावर आलेली विनंती ही मुदतवाढ नसून चुकलेली तारीख आहे, आणि तिची तशीच नोंद करावी. करारात दंडाची किंवा नोटिशीची तरतूद असेल तर ती वापरायला हाच कागद लागतो.

या वेळी जी निरीक्षणे पुन्हा आढळली आहेत त्यांना वेगळी खूण करावी आणि त्यांच्यापुढे मागचीच कृती लिहू नये. एकदा करून न टिकलेली कृती दुसऱ्यांदाही टिकणार नाही. तिथे मुदत एक टप्पा अलीकडे आणावी आणि कृती माणसाच्या आठवणीवर कमी व मांडणीवर जास्त विसंबेल अशी करावी. टेबल पुसायचे कापड आणि भांडी पुसायचे कापड वेगळे ठेवा असे दोनदा सांगून झाले असेल, तर तिसऱ्यांदा सांगू नये. दोन रंगांची कापडे द्यावीत आणि भांड्यांच्या जागी दुसऱ्या रंगाचे कापड दिसले की तो दोष समजावा.

एक मर्यादा सांगायला हवी. पाणीपुरवठा बंद आहे, सांडपाणी उलटून स्वयंपाकघरात येत आहे, जेवलेल्या अनेकांना एकाच दिवशी उलट्या-जुलाब झाले आहेत, किंवा आजारी माणूस अन्न हाताळत आहे, अशी स्थिती असेल तर सुधारणा-यादी हा मार्ग नव्हे. आजारी माणसाला तत्काळ कामावरून दूर करावे, बाकीच्या प्रसंगांत वाढप थांबवावे, आणि यादी नंतर करावी.

पडताळणीला कधी जायचे, हे मात्र यादीत लिहू नये. स्वतःपुरते ठरवून ठेवावे, आणि ज्या वेळी ते काम घडते त्या वेळी जावे. त्या रश्श्याच्या प्रकरणात मी सकाळी दहाला पुन्हा गेलो असतो तर मला स्वच्छ फ्रीज, नवे रबर आणि नीट भरलेली वही दिसली असती. मी रात्री साडेनऊला गेलो. उथळ ट्रे ओट्यावर ओळीने मांडलेले होते, त्यांतल्या दोहोंमध्ये थर पाचऐवजी आठ सेंटिमीटरच्या आसपास होता, आणि आचारी थर्मामीटर शोधत होता. पाचवी कृती मी त्या रात्री बंद केली नाही, ट्रेची संख्या वाढवण्यासाठी तीन दिवसांची नवी तारीख लिहिली, आणि बंदी तोपर्यंत तशीच ठेवली.